सुरक्षा प्रश्न काढा, पण त्यांच्या जागी एकटा ओटीपी बसवू नका

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळाचे सदस्य आणि माहिती-तंत्रज्ञान विभागप्रमुख,
नाशिक शहर व जिल्ह्यातील सहकारी बँका

विषय : नेट बँकिंगमधील सुरक्षा प्रश्न बंद करून खाते परत मिळवण्याची नवी पद्धत लागू करण्याबाबत

महोदय, महोदया,

नेट बँकिंगची जुनी खाती उघडली गेली, त्या काळात खातेदाराकडून एक वेगळी माहिती भरून घेतली जात असे. पुढे कधी पासवर्ड विसरला तर ओळख पटावी म्हणून एका यादीतून दोन-तीन प्रश्न निवडायचे आणि त्यांची उत्तरे लिहून ठेवायची : आईचे माहेरचे आडनाव काय, जन्मगाव कोणते, आवडते शिक्षक कोण, लहानपणी राहत होता त्या रस्त्याचे नाव काय. आज दहा-पंधरा वर्षांनी तीच उत्तरे मागितली, की खातेदार आठवेल ते लिहून पाहतो, तीनदा चुकतो आणि त्याचे खाते कुलूपबंद होते. मी लॉगिन आणि खाते परत मिळवण्याच्या व्यवस्थांवर काम करते, नाशिकमध्ये राहते आणि एका सहकारी बँकेची सभासद आहे. ज्या बँकांच्या व्यवस्थेत हे प्रश्न अजून शिल्लक आहेत, त्यांनी ते काढावेत ही माझी विनंती आहे. त्यांच्या जागी काय यावे, याबद्दल मात्र मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण प्रश्न काढून फक्त मोबाइलवरचा ओटीपी ठेवला तर खातेदाराची अडचण सुटत नाही आणि चोराची वाट सोपी होते.

आधी हे प्रश्न निरुत्तर का होतात ते पाहू. गूगलने आपल्या खातेदारांच्या सुरक्षा प्रश्नांचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेतील इंग्रजी भाषक खातेदारांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना गरज पडली तेव्हा स्वतःचेच उत्तर देता आले नाही. जे प्रश्न सुरक्षित वाटत होते ते आठवणीला सर्वात जड गेले : वाचनालयाच्या कार्डाचा क्रमांक २२ टक्के लोकांना सांगता आला, तर विमान कंपनीच्या सदस्यत्वाचा क्रमांक अवघ्या ९ टक्क्यांना. त्याच अभ्यासात एसएमएसने कोड पाठवून खाते परत मिळण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते आणि ईमेलने सुमारे ७५ टक्के. उत्तर मुद्दाम खोटे भरणाऱ्यांचाही त्यात विचार केला होता. ज्यांच्याकडे विचारणा केली त्यांपैकी बऱ्याच लोकांनी आपण तसे केल्याचे सांगितले, आणि त्यामागचा एक मोठा हेतू सुरक्षेचा होता. पण खोटे बोलताना माणसे एकाच पद्धतीने खोटे बोलतात, त्यामुळे ती उत्तरे ओळखायला उलट सोपी झाली आणि लक्षात ठेवायला अवघड.

आपल्याकडे याला आणखी दोन कारणे जोडावी लागतात. पहिले म्हणजे उत्तर अनेकदा खातेदाराने भरलेलेच नसते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाचा अर्ज मुलाने, भाच्याने किंवा काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने भरला, यादीतला पहिला प्रश्न निवडला आणि रकाना रिकामा राहू नये म्हणून काहीतरी लिहिले. असे उत्तर खातेदाराच्या स्मरणात कधी नव्हतेच, त्यामुळे स्मरणशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरे कारण लिपी आणि स्पेलिंगचे आहे. जन्मगावाच्या रकान्यात एकाच शहराचे नाव `Nashik`, `Nasik`, `nashik road` किंवा देवनागरीत `नाशिक` असे कसेही भरलेले असू शकते. संगणकाच्या दृष्टीने ही चार वेगळी उत्तरे आहेत, आणि सत्य सांगणारा खातेदारही स्पेलिंगमुळे खोटा ठरतो.

स्पेलिंगची ही अडचण वरवर किरकोळ वाटेल, पण ती एका मूलभूत पेचाकडे नेते. पासवर्डप्रमाणे उत्तरही हॅश करून साठवले, म्हणजे मूळ अक्षरे न ठेवता त्यांच्यापासून काढलेला, उलट फिरवता न येणारा ठसा ठेवला, तर एका अक्षराच्या फरकानेही ठसा पूर्ण बदलतो आणि ‘जवळपास बरोबर’ उत्तर ओळखण्याचा मार्ग उरत नाही. मोठी-लहान अक्षरे आणि मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या तरी `Nashik` आणि `Nasik` एक होत नाहीत. म्हणून काही व्यवस्थांमध्ये उत्तर सरळ वाचता येईल असे ठेवले जाते आणि फोनवरचा कर्मचारी ते पडद्यावर पाहून ‘ठीक आहे’ म्हणतो. मग ते उत्तर कर्मचाऱ्यालाही दिसते आणि माहितीसाठा फुटला तर चोरालाही. याहूवरील २०१३ च्या हल्ल्यात तीनशे कोटी खात्यांना झळ पोचली, आणि चोरीला गेलेल्या माहितीत सुरक्षा प्रश्न व उत्तरेही होती, त्यांपैकी काही कूटबद्ध न केलेली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. आईचे माहेरचे आडनाव कोणालाच बदलता येत नाही, आणि तेच उत्तर त्या माणसाने इतर दहा ठिकाणी दिलेले असते.

खातेदाराला जे आठवत नाही ते परक्याला मात्र ओळखता येते, हा या पद्धतीचा सर्वात मोठा दोष आहे. गूगलच्या त्याच अभ्यासात इंग्रजी भाषकांच्या आवडत्या पदार्थाचे उत्तर एकाच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता १९.७ टक्के निघाली, कारण सर्वाधिक लोकांचे उत्तर पिझ्झा होते. कोरियन भाषक खातेदारांचे जन्मशहर दहा प्रयत्नांत ३९ टक्के वेळा ओळखता आले, कारण तिथली लोकवस्ती थोड्या शहरांत एकवटलेली आहे. हीच गोष्ट नाशिकच्या एखाद्या बँकेला लावून पाहावी. स्थानिक बँकेचे खातेदार स्थानिकच असतात, आणि त्यांना जन्मगाव विचारले तर सर्वाधिक लोकांचे उत्तर काय असणार हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. समजा, दहा हजार खातेदारांनी हा प्रश्न निवडला आहे आणि त्यांपैकी तीन हजारांचे उत्तर नाशिक आहे. चोर एका खात्यावर तीन वेळा प्रयत्न करीत बसत नाही. तो दहा हजार खात्यांवर प्रत्येकी एकदाच तेच एक उत्तर टाकतो. तीन हजार खात्यांत तो प्रश्नाचा टप्पा पार करतो आणि उरलेल्या सात हजारांत प्रत्येकी फक्त एक चूक नोंदली जाते. तीन चुकांनंतर खाते बंद करणारा आपला नियम त्यातल्या एकाही खात्यावर लागू होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अहवाल पाहणाऱ्या अधिकाऱ्याला काही विपरीत घडल्याचे दिसतही नाही.

चोर ओळखीचा असेल तर अंदाजाचीही गरज पडत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांच्यावर खातेदार आपला पासवर्ड सोपवणार नाही अशा परिचितांनाही त्याची १७ टक्के उत्तरे ओळखता आली होती, आणि सहा महिन्यांच्या आत खातेदार स्वतः २० टक्के उत्तरे विसरले होते. महाराष्ट्रात परिचितांचे हे वर्तुळ किती मोठे असते याचा विचार करावा. लग्नासाठी पाठवल्या जाणाऱ्या बायोडाटात जन्मस्थळ, जन्मवेळ, शिक्षण, भावंडे आणि मामांचे आडनाव व गाव हे सगळे एका पानावर असते, आणि ते पान समाजाच्या, नात्यातल्या आणि वधूवर मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्षानुवर्षे फिरत राहते. मामांचे आडनाव म्हणजेच आईचे माहेरचे आडनाव. वडिलांचे नाव आपण आपल्या नावातच लावतो. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नावही नावाच्या रचनेत येते. हा निर्णय मला योग्यच वाटतो. त्यामुळे ‘आईचे नाव’ हे गुपित समजण्याची सवय मात्र बँकांनी सोडली पाहिजे.

अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ च्या मार्गदर्शिकेतच पासवर्ड ठरवताना ‘पहिल्या पाळीव प्राण्याचे नाव’ अशा विशिष्ट माहितीची विचारणा करू नये असे नमूद केले होते. ही मार्गदर्शिका आपल्या बँकांवर बंधनकारक नाही, पण २०२५ च्या सुधारित आवृत्तीत तिने खाते परत मिळवण्याचे जे मार्ग मान्य केले आहेत ते इथे सांगण्यासारखे आहेत, कारण त्यांत सुरक्षा प्रश्न कुठेच नाही. आधीच देऊन ठेवलेला आणि खातेदाराने जपून ठेवलेला रिकव्हरी कोड, गरजेच्या वेळी नोंदणीकृत पत्त्यावर, ईमेलवर किंवा फोनवर पाठवलेला कोड, खातेदाराने आधी नेमलेली विश्वासातली व्यक्ती, आणि कागदपत्रांसह ओळख पुन्हा पडताळणे, असे चार मार्ग तिथे आहेत. दोन पायऱ्यांनी संरक्षित असलेल्या खात्यासाठी यांतला एक कोड पुरत नाही. दोन वेगळ्या मार्गांनी मिळालेले कोड लागतात, किंवा एका कोडबरोबर खात्याला आधीपासून जोडलेले एखादे साधन, किंवा मग ओळखीची नव्याने पडताळणी. एकटा ओटीपी पुरेसा नाही, हे माझे म्हणणे या मांडणीशी जुळते.

ओटीपीबद्दल स्पष्ट लिहिते. सहा आकडी कोडाच्या दहा लाख शक्यता असतात, तो दहा मिनिटे टिकतो आणि चार-पाच चुकांनंतर रद्द करता येतो, त्यामुळे अंदाजाने तो सापडणे जवळपास अशक्य आहे. त्याचा दुबळेपणा आकड्यांत नसून तो कोणाच्या हातात पडतो यात आहे. आपण गृहीत धरतो की मोबाइल क्रमांक म्हणजे माणूस. पण क्रमांक हा कंपनीने दिलेला आणि परत घेता येणारा असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितल्याप्रमाणे, वापराअभावी किंवा ग्राहकाच्या विनंतीवरून बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही. याचाच अर्थ ९० दिवसांनंतर तो दिला जाऊ शकतो.

याचा परिणाम एका उदाहरणाने दाखवते. हे उदाहरण मी रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी नेहमी घडणारी आहे. देवळाली कॅम्पला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने २०११ मध्ये नेट बँकिंग घेतले. अर्ज भाच्याने भरला आणि ‘आवडते शिक्षक’ या प्रश्नापुढे एक आडनाव लिहिले. पुढे बाई लेकीकडे पुण्याला गेल्या, तिथे नवे सिम घेतले, जुन्या क्रमांकाचे रिचार्ज थांबले आणि कंपनीने तो बंद केला. बँकेत जुनाच क्रमांक राहिला. काही महिन्यांनी तो क्रमांक एका अनोळखी माणसाला मिळाला आणि त्याच्या फोनवर बाईंच्या पेन्शनचे संदेश येऊ लागले : अमुक बँक, खात्याचे शेवटचे चार आकडे, इतके रुपये जमा. बहुतेक माणसे असे संदेश पुसून टाकतात. एखाद्याच्या मनात वाईट आले, तर त्याला बँकेचे नाव कळलेलेच आहे. तो ॲप उघडून ‘युजर आयडी विसरलो’ निवडतो, ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि पुढे एक प्रश्न तेवढा उरतो. आवडत्या शिक्षकांचे उत्तर बहुधा एक सर्वसाधारण मराठी आडनाव असते. जोशी, कुलकर्णी, पाटील असे तीन प्रयत्न त्याला आज मिळतात आणि उद्या पुन्हा तीन. त्याच आठवड्यात बाई पुण्याहून स्वतःचे खाते उघडायला गेल्या, तर त्यांना ओटीपी मिळत नाही, उत्तर आठवत नाही, आणि फोनवर विचारणा केल्यावर कर्मचारी आईचे माहेरचे आडनाव विचारतो. खरी मालकीण बाहेर थांबते आणि परका दारापर्यंत पोचतो. सुरक्षा प्रश्न काढून फक्त ओटीपी ठेवला असता, तर तो आतही गेला असता.

यावरचा पहिला उपाय बँकेच्या हातात आधीच आहे. दूरसंचार विभाग बंद झालेल्या क्रमांकांची यादी प्रसिद्ध करतो, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात ती यादी वापरून ग्राहकांच्या नोंदी तपासण्यास व स्वच्छ करण्यास सांगितले आहे. ही तपासणी नियमित व्हावी, आणि एखादा क्रमांक त्या यादीत सापडला की त्याच दिवशी तो खाते परत मिळवण्यासाठी निरुपयोगी ठरवावा. त्यावर ओटीपी जाऊ नये, आणि जमा-खर्चाचे संदेशही थांबावेत. खातेदाराला ईमेल आणि टपालाने कळवावे. क्रमांकाची नोंद लगेच पुसून टाकू नये, कारण पुढे तक्रार आली तर तो केव्हापासून अविश्वसनीय होता हे दाखवता आले पाहिजे.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक खातेदाराला एक छापील रिकव्हरी कोड देणे. एटीएमचा पिन जसा बंद पाकिटातून येत असे, तसाच हा द्यावा. बत्तीस अक्षरांच्या संचातून, म्हणजे शून्य व `O`, एक व `I` अशी फसवी अक्षरे वगळून, संगणकाने यदृच्छेने निवडलेली सोळा अक्षरे पुरतात. ती चार-चारच्या गटांत छापावीत, म्हणजे वाचताना आणि टाकताना चूक होत नाही :

```
7KQM-3XRD-P9TW-H4CE
```

अशा कोडाच्या शक्यता दोनाचा ऐंशीवा घात इतक्या होतात, आणि अंदाज करून तो मिळणे व्यवहारात शक्य नाही. बँकेने स्वतःकडे फक्त त्याचा हॅश ठेवावा, कोड एकदाच चालावा आणि वापरला गेला की नवा दिला जावा. खातेदाराला तो लक्षात ठेवायचा नसतो, जपून ठेवायचा असतो, आणि ठेवपावत्या, घराचे कागद, विम्याची पॉलिसी नीट जपणाऱ्या आपल्या लोकांना ते जमते. पाकिटावर ठळक मराठीत दोन वाक्ये असावीत : हा कोड बँकेचा कोणताही कर्मचारी फोनवर मागणार नाही, याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवू नये. फोटो फोनमध्ये असला तर फोनबरोबर तोही जातो, आणि मग कागदावर देण्याचा हेतूच संपतो.

इथे एक बारीक मुद्दा आहे, आणि तो बऱ्याच व्यवस्थांत सुटलेला दिसतो. ‘एसएमएस आणि ईमेल असे दोन मार्ग तपासतो’ असे सांगितले जाते, पण आज दोन्ही एकाच फोनवर येतात. उघडा फोन बसमध्ये चोरीला गेला तर चोराच्या हातात दोन्ही कोड एकाच वेळी येतात. म्हणून या दोन मार्गांना दोन मोजू नये. माझी सूचना अशी आहे की छापील कोड आणि एसएमएस किंवा ईमेल यांपैकी एक, अशी जोडी आली तर खाते लगेच उघडावे. एसएमएस आणि ईमेल एवढेच असेल तर विनंती नोंदवून घ्यावी, पण नवा पासवर्ड ४८ तासांनी लागू करावा, आणि या काळात खात्याशी जोडलेल्या प्रत्येक पत्त्यावर, संयुक्त खाते असेल तर दुसऱ्या खातेदारालाही, ‘आपण ही विनंती केली नसल्यास ती येथे थांबवा’ असा संदेश जावा. फोन हरवलेला माणूस सहसा एक-दोन दिवसांत सिम बंद करतो आणि बँकेला कळवतो, म्हणून ही मुदत.

संदेश कुठे जातो यालाही तितकेच महत्त्व आहे. क्रमांक बदलल्याची सूचना फक्त नव्या क्रमांकावर पाठवली, तर ती ज्याने बदल केला त्यालाच मिळते. ती आधी जुन्या क्रमांकावर आणि ईमेलवर गेली पाहिजे. अपवाद फक्त जुना क्रमांक बंद यादीत सापडल्याचा. गूगल रिकव्हरी क्रमांक बदलल्यानंतरही सात दिवस जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते, त्यामागे हाच विचार आहे : खाते बळकावणाऱ्याने पहिल्या मिनिटात सगळे मार्ग बदलले तरी खऱ्या मालकाला परतीची वाट काही दिवस खुली राहावी. आपल्याकडे याला आणखी एक बंधन जोडता येईल. खाते परत मिळाल्यावर पहिले काही दिवस नवा लाभार्थी जोडता येऊ नये आणि पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असावी; वीजबिल, आधीचे लाभार्थी आणि शिल्लक पाहणे मात्र चालू राहावे, म्हणजे प्रामाणिक खातेदाराचे काम अडणार नाही.

विश्वासातली व्यक्ती नेमण्याचा मार्ग ॲपलने २०२१ पासून आणि गूगलने २०२५ मध्ये आणला आहे, आणि ईमेल किंवा फोटोंच्या खात्यासाठी तो चांगला आहे. बँकेच्या खात्यासाठी मी त्याची शिफारस करीत नाही. घरातल्या एका माणसाच्या हातात वृद्ध आईवडिलांच्या ठेवींची किल्ली देणे, आणि तेही त्यांच्या नकळत फिरवता येईल अशी, हा धोका मला फार मोठा वाटतो. अशा व्यक्तीला खाते उघडण्याचा अधिकार न देता केवळ सूचना मिळावी आणि विनंती थांबवता यावी, इतपत तिचा उपयोग करावा.

आणि मग शाखा. जगभर पसरलेल्या सेवांकडे जे नाही ते आपल्याकडे आहे : नाशिकरोडला, सातपूरला, पंचवटीत, सिन्नरला काउंटर आहे, तिथे केवायसीची मूळ कागदपत्रे, नमुना सही आणि छायाचित्र आहे. ज्याचे सर्व मार्ग तुटले त्याने शाखेत यावे, ही पद्धत मागासलेली नसून सर्वात भक्कम आहे, पण ती ओळखीवर चालता कामा नये. ‘मी यांना ओळखतो’ या वाक्यावर खाते उघडू नये. उदाहरणातल्या शिक्षिका शाखेत आल्या, तर मूळ ओळखपत्र पाहावे, छायाचित्र व सही जुन्या नोंदीशी ताडून पाहावी, एका अधिकाऱ्याने विनंती नोंदवावी आणि दुसऱ्याने, ज्याने कागदपत्रे स्वतः पाहिली आहेत, ती मंजूर करावी. नव्या क्रमांकावर ओटीपी पाठवून तो समोरच वाचून घ्यावा, म्हणजे क्रमांक खरोखर त्यांच्याच हातात आहे हे कळते. नवा छापील कोड त्यांच्या हाती द्यावा, पण नवा पासवर्ड कर्मचाऱ्याने टाकू नये. तो त्यांनी घरी, स्वतःच्या फोनवर ठरवावा. नोंदणीकृत पत्त्यावर एक पत्र जावे. जो खातेदार अंथरुणाला खिळलेला आहे किंवा ज्याची दृष्टी गेली आहे, त्याच्यासाठी शाखेतल्या दोन जणांनी घरी जाऊन हीच पडताळणी करण्याची सोय लेखी स्वरूपात असावी, नाहीतर घरचे लोक पासवर्ड वाटून घेण्याचा सोपा मार्ग धरतात.

जुन्या प्रश्नांपासून नव्या पद्धतीकडे जाताना सर्वांचे प्रश्न एका रात्रीत बंद केले, तर दुसऱ्या दिवशी शाखांत गर्दी होईल. जो खातेदार आपल्या पासवर्डने नेहमीप्रमाणे आत येतो, त्याच वेळी त्याच्याकडून मोबाइल आणि ईमेल यांची खात्री करून घ्यावी, छापील कोडाची मागणी नोंदवावी आणि पाकीट मिळाल्याची पोच आली की त्याच्या खात्याचे प्रश्न बंद करावेत. काही महिन्यांनी जे उरतील ते बहुतांशी दीर्घकाळ लॉगिन न केलेले असतील. त्यांचा प्रश्नांचा मार्ग ठरलेल्या तारखेला बंद करावा आणि शाखेचा मार्ग दाखवावा. फोनवरील कर्मचाऱ्यांना त्याच दिवसापासून आईचे माहेरचे आडनाव विचारण्यास मनाई असावी. बँकच जोपर्यंत फोनवर घरगुती माहिती विचारते, तोपर्यंत ‘केवायसी अद्ययावत करायचे आहे’ म्हणणाऱ्या ठगाला ती सांगू नका, असे खातेदाराला कोणत्या तोंडाने सांगणार?

प्रश्न पडद्यावरून गेले म्हणजे उत्तरे गेली असे होत नाही. ती माहितीसाठ्यात, त्याच्या बॅकअपमध्ये, चाचणीसाठी काढलेल्या प्रतींत आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीकडे राहतात. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती पुसावी, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. पुरवठादाराकडून उत्तरे नष्ट केल्याचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे आणि बॅकअपची मुदत संपण्याची तारीख त्यात नमूद असावी.

बदल होईपर्यंतच्या काळात एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. चुकीच्या उत्तरांची मोजणी प्रत्येक खात्यापुरती न ठेवता सर्व खात्यांवर मिळून करावी. एकाच दिवशी अनेक खात्यांवर एकेक चूक दिसली, किंवा प्रश्नाच्या मार्गाने उघडलेल्या खात्याचा मोबाइल क्रमांक तासाभरात बदलला गेला, तर तिथे माणसाने लक्ष घालावे. त्याचबरोबर पासवर्ड परत मिळवायला सुरुवात केलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत पोचले आणि उरलेले कोणत्या पायरीवर थांबले, याची मासिक नोंद ठेवावी. खरे खातेदार नेमके कुठे अडतात ते त्यातून कळते, आणि नवी पद्धत आल्यावर हाच आकडा तिची परीक्षा घेईल.

सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. या वर्षीच्या अहवालात आपल्या बँकेने तीन गोष्टी सभासदांसमोर ठेवाव्यात अशी माझी लेखी मागणी आहे : सुरक्षा प्रश्नांवर अजून किती खाती अवलंबून आहेत, बंद क्रमांकांच्या यादीशी मोबाइल क्रमांकांची शेवटची तपासणी केव्हा झाली, आणि साठवलेली उत्तरे कोणत्या तारखेपर्यंत नष्ट केली जातील. छापील कोडाचे पाकीट, शाखेतील पडताळणीचा नमुना अर्ज आणि खातेदारांना द्यायचे मराठी माहितीपत्रक तयार करण्याच्या कामात, ज्या बँकेला गरज असेल तिथे, मी मोबदला न घेता मदत करीन.

आपली विश्वासू,
एक सभासद व खातेदार
नाशिक